वरून दिसणारा साइट प्लॅन फोटोसारखा खरा कसा वाटेल?

साइट प्लॅन रंगवायला घेतला की नवखा माणूस आधी झाडं शोधतो. इंटरनेटवरून झाडांच्या पन्नास फाइल्स उतरवतो, गवताचं एक टेक्श्चर घेतो, सगळं ड्रॉइंगवर मांडतो आणि मग चित्र खरं का वाटत नाही म्हणून रंग बदलत बसतो. बहुतेक वेळा दोष रंगाचा नसतो. माप आणि सावली या दोन गोष्टी जुळलेल्या नसतात. म्हणून या लेखात भर त्यांच्यावरच आहे, आणि झाडं बरीच उशिरा येतील.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच नेऊ. यावल तालुक्यात, फैजपूरच्या अलीकडे साधारण २४ गुंठ्यांचा एक तुकडा आहे असं समजा. पूर्व-पश्चिम ६० मीटर, उत्तर-दक्षिण ४० मीटर. दक्षिणेला डांबरी रस्ता, पूर्वेला शेजाऱ्याची केळी. मालकाला तिथे दुमजली घर, पुढे लॉन, मागे गाड्यांचं शेड हवं आहे आणि बांधावरचा जुना कडुनिंब तसाच ठेवायचा आहे. ऑटोकॅडमधला प्लॅन तयार आहे. आता तो विमानातून पाहिल्यासारखा दाखवायचा. मी फोटोशॉप धरून लिहितो. गिंप किंवा फोटोपीमध्ये मेनूची जागा बदलेल, पद्धत तीच राहील.

आधी माप

कागद ए-३ आडवा, प्रमाण १:२००. म्हणजे जमिनीवरचा एक मीटर कागदावर ५ मिलिमीटर. ६० मीटरची बाजू ३०० मिलिमीटर होते, ४० मीटरची २००. कागद ४२० बाय २९७ चा असल्यामुळे प्लॉटच्या दोन्ही बाजूंना बारा-बारा मीटर आणि वर-खाली साडेनऊ-साडेनऊ मीटर आजूबाजूचा परिसर दाखवता येतो. ही मोकळी जागा पांढरी सोडू नका. विमानातून पाहिलेल्या जमिनीला पांढरी चौकट नसते. रस्ता, शेजारची केळी आणि पलीकडच्या काळ्या रानाचा पट्टा दिसला की चित्राचं अर्धं काम तिथेच होतं.

ऑटोकॅडमधून पीडीएफ काढताना Fit to paper ची खूण काढा आणि प्रमाण हाताने टाका. ती पीडीएफ फोटोशॉपमध्ये ३०० रिझोल्यूशनला उघडा. या हिशोबात एक मीटर म्हणजे ५९ पिक्सेल. हा आकडा कागदाच्या कडेला लिहून ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. पुढे जाण्याआधी रुलर टूलने प्लॉटची लांब बाजू मोजा. ती ३,५४३ पिक्सेलच्या आसपास भरायला हवी. नाही भरली तर वाटेत कुठेतरी प्रमाण सरकलेलं आहे. तिथेच थांबून पीडीएफ पुन्हा काढा, पुढे ओढूनताणून बसवू नका.

दिशाही आताच पक्की करा. उत्तर कागदावर वरच्या बाजूला आहे ना? आपल्या उदाहरणात आहे. तुमच्या प्लॅनमध्ये ती तिरपी असेल, तर पुढे सावलीची दिशा तेवढीच फिरवावी लागेल.

जमीन, पेव्हर आणि लॉन

एक मीटरला ५९ पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल जमिनीवरचा साधारण १७ मिलिमीटरचा तुकडा झाला. हे डोक्यात बसलं की टेक्श्चरबद्दलचे निम्मे प्रश्न सुटतात. गवताचं पातं १७ मिलिमीटर रुंद नसतं, म्हणून या प्रमाणात पातं दिसणारच नाही. ज्या लॉनमध्ये पाती सुटी सुटी दिसतात, त्यातलं गवत डोक्याएवढं उंच वाटतं आणि शेजारचं घर खेळण्यातलं होऊन बसतं.

पेव्हर ब्लॉकचंही तसंच. नेहमीचा आयताकृती ब्लॉक २०० बाय १०० मिलिमीटरचा असतो. चित्रात तो १२ बाय ६ पिक्सेल होतो. दोन ब्लॉकमधली फट दोन-तीन मिलिमीटरची, म्हणजे पिक्सेलचा छोटासा अंश. ती रेघ म्हणून दिसता कामा नये. दिसायला हवा तो फक्त रंगाचा बारीक चढउतार, कारण सगळे ब्लॉक एकाच छटेचे कधीच येत नाहीत. म्हणून पॅटर्न घेताना त्यात किती ब्लॉक आहेत ते मोजा. समजा त्या चित्रात आडवे दहा ब्लॉक आहेत, म्हणजे ते दोन मीटरचं आहे. मग ते ११८ पिक्सेल रुंद करूनच Define Pattern करा. नजरेच्या अंदाजाने Scale सरकवलं की हमखास एक-एक मीटरच्या फरश्या तयार होतात, आणि त्यावर उभी केलेली गाडी रुंदीला दोन फरश्यांत मावते.

लॉनसाठी मी फोटोतलं गवत वापरायचंच सोडलं आहे. लॉनच्या आकारात सपाट रंग भरतो, थोडा मळकट हिरवा, साधारण `105,118,72`. त्यावर Add Noise, अगदी थोडा, चार-पाच टक्के. त्याच्यावर दुसरा लेयर Clouds फिल्टरचा, Soft Light मध्ये, १५ टक्क्यांच्या आत. ढगांचे डाग पाच ते दहा मीटरचे दिसतील इतके मोठे ठेवा. आता खरी मजा असते ती हाताने केलेल्या खुणांची: नळाजवळ गडद, ओला पट्टा. फाटकातून ओट्याकडे लोक तिरपे चालत जातात तिथे फिकट, तुडवलेली पायवाट. पेव्हरच्या कडेला उन्हाने पिवळटलेली वीतभर किनार. आपल्याकडची हरळी असो की मेक्सिकन लॉन, कडेला ती पिवळी पडतेच, कारण तापलेल्या काँक्रीटशेजारची माती लवकर सुकते. चार खुणा पुरे. दहा केल्या तर लॉन आजारी दिसतं.

मोकळी जमीन मात्र हिरवी करू नका. काळी माती कोरडी असेल तर वरून करड्या तपकिरी रंगाची दिसते, ओली असेल तर जवळजवळ काळी. मागच्या आवारात मुरूम टाकलेला असेल तर तो तांबूस-पिवळट. हिरवं, करडं, तांबूस हे तीन रंग शेजारी आले की चित्र खानदेशातलं वाटू लागतं. सगळीकडे गवत पसरलं तर कुठल्यातरी थंड देशातलं.

टेक्श्चरची परीक्षा सोपी आहे. चित्र २५ टक्क्यांवर आणून पाहा. एकच डाग ठराविक अंतराने परत परत दिसत असेल, तर पॅटर्नचा तुकडा लहान पडला आहे. तो किमान दहा मीटरचा, म्हणजे ५९० पिक्सेलचा करा.

सावली: इथे वेळ घालवा

सावलीसाठी बहुतेक जण लेयर स्टाइलमधली Drop Shadow लावतात. ती चुकीची का दिसते ते नीट समजून घ्या. Drop Shadow आकाराची प्रत उचलून बाजूला सरकवते. म्हणजे वस्तू हवेत तरंगते आहे आणि तिची सावली खाली पडली आहे असा भास होतो. घर तरंगत नाही. त्याची सावली भिंतीच्या पायथ्यापासून सुरू होते आणि कोपऱ्यांपासून तिरक्या रेघांनी बाहेर जाते. एवढा एक फरक सुधारला तरी प्लॅन जमिनीवर टेकतो.

आता सूर्य कुठे ठेवायचा? जळगाव-यावलचा पट्टा साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २५ मेच्या आसपास भर दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. ती वेळ चित्राला निरुपयोगी, सगळं चपटं दिसेल. नोव्हेंबरच्या मध्यावर सकाळी पावणेअकराच्या सुमारास मात्र सूर्य सुमारे ४५ अंश उंच असतो आणि आग्नेयेकडून, जरा दक्षिणेला झुकून, ऊन देतो. ४५ अंशांची सोय अशी की वस्तूची उंची तीच सावलीची लांबी. सात मीटरच्या घराची सावली सात मीटर. शिवाय पावसाळा नुकताच उलटलेला असतो, त्यामुळे हिरवळ दाखवायला संकोच नको. नकाशांवर दिसणारे उपग्रहांचे बरेचसे फोटोही सकाळी साडेदहाच्या आसपास घेतलेले असतात. आपल्या गावाचा फोटो उघडून पाहा, सावल्या बहुतेक वायव्येच्या अंगाला पडलेल्या सापडतील. बघणाऱ्याच्या डोळ्याला त्याच सावलीची सवय झालेली आहे.

त्या वेळी सावली उत्तरेपासून सुमारे ३१ अंश पश्चिमेला झुकते. उत्तर वर असलेल्या कागदावर सावलीचं टोक किती पिक्सेल सरकेल ते असं काढा, उंची मीटरमध्ये:

```
डावीकडे = उंची × 0.515 × 59
वर      = उंची × 0.857 × 59
```

आपलं घर पूर्व-पश्चिम १४ मीटर, उत्तर-दक्षिण ११ मीटर, कठड्यासकट उंची ७ मीटर. म्हणजे सावली डावीकडे २१३ आणि वर ३५४ पिक्सेल, जमिनीवर अनुक्रमे ३.६ आणि ६ मीटर. घराच्या आकाराची प्रत नव्या लेयरवर घ्या, Free Transform मध्ये तेवढी सरकवा. मग Polygonal Lasso ने मूळ आकाराचा आणि सरकवलेल्या आकाराचा नैर्ऋत्य कोपरा नैर्ऋत्येला, ईशान्य कोपरा ईशान्येला जोडा आणि मधला भाग भरा. हा लेयर Multiply मध्ये, घराच्या लेयरखाली. रंग शुद्ध काळा नको, `30,35,50` सारखा निळसर गडद घ्या आणि Opacity ५५ टक्क्यांजवळ ठेवा. सावलीत ऊन पोहोचत नाही, पण निळ्या आकाशाचा उजेड पोहोचतो, म्हणून ती निळसर असते आणि तिच्यातून पेव्हरची छटा दिसत राहते. दिसत नसेल तर सावली जास्त झाली.

कडा किती मऊ? फारशी नाही. सूर्याचं बिंब आकाशात अर्ध्या अंशाचं आहे, त्यामुळे सात मीटर उंच कठड्याच्या सावलीची कड जमिनीवर वीतभरही पसरत नाही. Gaussian Blur एक ते दोन पिक्सेल, बस. वीस पिक्सेलची लोकरी सावली ही ढगाळ दिवसाची, आणि ढगाळ दिवशी अशी गडद सावली पडतच नाही.

आता खरी कसोटी. घराच्या मागे, उत्तरेला तीन मीटर सोडून गाड्यांचं शेड आहे, पत्रा जमिनीपासून अडीच मीटरवर. घराची सावली जमिनीवर सहा मीटर मागे जाते, म्हणजे ती शेडवर चढणार. पण पत्रा अडीच मीटर उंच असल्यामुळे तिथे सावलीला घराची उरलेली साडेचार मीटर उंचीच मिळते. ४.५ × ०.८५७, म्हणजे घराच्या भिंतीपासून ३.९ मीटरपर्यंत. शेड तीन मीटरवर सुरू होत असल्याने पत्र्यावर सावलीचा जेमतेम ९० सेंटिमीटरचा पट्टा पडतो. शेडच्या पश्चिमेला जमिनीवर मात्र घराचीच सावली सहा मीटरपर्यंत पोहोचलेली असते. त्या जागी सावलीची कड पायरीसारखी तुटते. शेडवरून सावली सरळ जाऊ दिली तर शेड जमिनीत गाडल्यासारखं चपटं दिसतं. बघणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, पण खटकतं.

काही ऑफिसांमध्ये सावली उजवीकडे खाली टाकायची पद्धत आहे, ऊन वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतंय असं धरून. त्यामागे कारण आहे: डोळा प्रकाश वरून येतो असं गृहीत धरतो, आणि सावली वर पडली की कुणाकुणाला घर खड्ड्यासारखं आत गेलेलं दिसतं. पण उत्तर वर असलेल्या प्लॅनवर याचा अर्थ वायव्येकडून ऊन, आणि लांब सावली पाडणारं तसं ऊन खानदेशात वर्षभरात कधीच येत नाही. मालक याच चित्रावर बोट ठेवून विचारणार असतो, ओट्यावर सकाळी ऊन येईल का, गाडी सावलीत राहील का. मी खऱ्या दिशेच्या बाजूने आहे. खड्ड्याचा भास घालवायला ओळखीच्या वस्तू पुरतात. शेडबाहेर एक गाडी, गच्चीवर टाकी, की डोळा लगेच सरळ होतो.

गच्ची

वरून पाहिलं तर घर म्हणजे गच्चीच. धाब्याच्या घरापासून आजच्या स्लॅबपर्यंत इथलं छप्पर सपाटच राहिलेलं आहे, त्यामुळे उतरत्या लाल कौलांच्या तयार फाइल्स इथे चालत नाहीत. नुसता पांढरा चौकोनही चालत नाही. ब्रिकबॅट कोबा असेल तर करडा रंग घ्या, चायना मोझॅक असेल तर मळकट पांढरा, आणि पाण्याच्या वाटांकडे थोडा काळसरपणा.

कठडा वेगळा काढा, १५ सेंटिमीटर जाड, म्हणजे ९ पिक्सेल, गच्चीपेक्षा जरा उजळ. तो एक मीटर उंच आहे, तर त्याची सावली गच्चीच्या आतही पडते: दक्षिणेच्या कठड्याची आत ५१ पिक्सेल, पूर्वेच्या कठड्याची ३० पिक्सेल. उत्तर आणि पश्चिमेच्या कठड्यांची सावली बाहेर जाते, आत काही नाही. ही एल आकाराची पट्टी काढायला दहा मिनिटं लागतात आणि तिच्यामुळे गच्ची कठड्याच्या आत खाली बसते. जिन्याची खोली, काळी प्लॅस्टिकची टाकी, सोलर हीटर, प्रत्येकाची सावली गच्चीपासूनच्या उंचीने मोजा, जमिनीपासून नाही.

झाडं, शेवटी

तयार झाडांच्या फाइल्समध्ये ऊन आधीच रंगवलेलं असतं. एका बाजूची पानं उजळ, दुसऱ्या बाजूची गडद. एकच झाड दहा वेळा वापरायचं म्हणून ते गोल फिरवलं की प्रत्येक झाडाला वेगळा सूर्य मिळतो. त्यामुळे आधी झाड असं फिरवा की उजळ बाजू आग्नेयेला, म्हणजे कागदावर उजवीकडे खाली येईल. मग ते जास्तीत जास्त वीस अंश इकडेतिकडे हलवा. फरक आणायचा तर आकाराने आणि छटेने आणा. झाडांचा हिरवा लॉनपेक्षा बराच गडद ठेवा, `58,76,40` च्या आसपास.

आपला कडुनिंब १० मीटर उंच, पसारा ९ मीटर रुंद, फांद्या तीन मीटरवरून सुटतात. घराची सावली पायथ्यापासून ओढली तशी याची ओढू नका. पानांचा गोळा खोडावर उचललेला असतो. त्याचा मध्य जमिनीपासून साडेसहा मीटरवर आहे, म्हणून सावलीचा मध्य डावीकडे १९८ आणि वर ३२९ पिक्सेल सरकतो. सावलीचा आकार गोल नसतो, सूर्याच्या दिशेने साधारण सव्वापट लांबतो. कडुनिंबाची पानं बारीक, त्यातून ऊन गळतं. सावलीच्या लेयरला मास्क लावून कडेकडेने बारीक कवडसे सोडा. आंबा असता तर सावली घट्ट ठेवली असती. नारळाची चांदणीसारखी पडते आणि खोडाची बारीक रेघ तिला बुंध्याशी जोडते, ती रेघ विसरू नका.

झाडाचं माप प्लॅनला सोयीचं म्हणून वाढवू नका. नवं लावलेलं रोप दीड-दोन मीटर पसाऱ्याचं असतं. मालकाला पंधरा वर्षांनंतरचं चित्र हवं असेल तर तसं शीर्षकात लिहा.

पूर्वेची केळी ही झाडं म्हणून एकेक मांडत बसू नका, ते पीक आहे. दीड बाय दीड मीटरची लागवड धरली तर खोडं ८९ पिक्सेलवर येतात. पानांचा पसारा त्याहून मोठा, म्हणून ती एकमेकांत शिरतात. पोपटी रंगाच्या, फाटक्या कडांच्या सात-आठ पानांच्या तीन-चार चांदण्या बनवा, ओळीत ठेवा, पण प्रत्येक चार-पाच पिक्सेल हलवा. मधल्या फटींत जवळजवळ काळी सावली भरा. ती फट गडद असली की केळीचा मळा खोल वाटतो. नसली तर तो हिरवा गालिचा होतो.

छपाईच्या आधी

लेयरचा क्रम एकदा तपासा: खालून वर जमीन, पेव्हर आणि लॉन, जमिनीवरच्या सावल्या, शेड आणि घर, त्यांच्यावरच्या सावल्या, सर्वांत वर झाडं. कडुनिंबाची सावली लॉनवरच्या बाकावरही पडते का, फाटकाच्या खांबांना सावली आहे का, ते पाहा. कंपाउंड भिंत दीड मीटर उंच असेल तर दक्षिणेच्या भिंतीची सावली आत, प्लॉटमध्ये येते आणि उत्तरेच्या भिंतीची शेजाऱ्याकडे जाते. ही हमखास राहून जाते.

पडद्यावर छान दिसणारी हिरवळ छपाईत काळवंडते. पूर्ण ए-३ काढण्याआधी कडुनिंब, लॉन आणि घराची सावली एकत्र येते तेवढाच तळहाताएवढा तुकडा, ज्या दुकानात शेवटची प्रिंट काढायची तिथेच, त्याच कागदावर छापून घ्या. सावलीतला पेव्हर ओळखू येत नसेल तर Curves मध्ये मधले टोन थोडे वर उचला आणि पुन्हा तुकडा काढा.

उत्तर दाखवणारा बाण आणि ग्राफिक स्केल चित्रावरच ठेवा, नुसतं "१:२००" लिहून सोडू नका. मालक हे चित्र व्हॉट्सअॅपवर पाठवतो, दुसरा कुणी ते ए-४ वर छापतो, आणि लिहिलेलं प्रमाण खोटं ठरतं. दहा मीटरची काढलेली पट्टी मात्र चित्राबरोबरच लहान-मोठी होते.